उपायकेंद्रित अल्पकालीन मानसोपचार

उपायकेंद्रित अल्पकालीन मानसोपचार (सोल्यूशन-फोकस्ड ब्रीफ थेरपी) ही संवादावर आधारलेली मानसोपचाराची एक पद्धत आहे. समस्येची कारणे शोधण्याऐवजी समस्या सुटल्यावर जीवन कसे दिसेल याचे तपशीलवार वर्णन सल्लार्थीकडून करवून घेणे आणि त्या वर्णनाच्या दिशेने एक लहान पाऊल ठरवणे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर (१९४०–२००५), इन्सू किम बर्ग (१९३४–२००७) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ पासूनच्या दशकात ती विकसित केली. ‘चमत्कार-प्रश्न’ आणि ‘मोजपट्टी-प्रश्न’ ही तिची दोन सर्वांत परिचित साधने आहेत.

इंग्रजी ‘सोल्यूशन’ या शब्दासाठी हिंदीत ‘समाधान’ हा शब्द रूढ आहे. मराठीत मात्र ‘समाधान’ म्हणजे मुख्यतः तृप्ती वा संतोष. त्यामुळे या लेखात ‘उपाय’ हा शब्द वापरला आहे. तसेच समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीला ‘सल्लार्थी’ म्हटले आहे.

## उगम

या पद्धतीच्या आधी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जॉन वीकलंड, पॉल वॉट्झलाविक, रिचर्ड फिश आदी उपचारकांनी जास्तीत जास्त दहा बैठकांची अल्पकालीन उपचारपद्धती घडवली होती. समस्या सोडवण्यासाठी माणूस जे प्रयत्न करतो, त्यांतूनच पुष्कळदा समस्या टिकून राहते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून समस्या कशी टिकून राहते याचा शोध घेऊन ती साखळी तोडण्यावर त्यांचा भर असे. डी शेझर यांचा या गटाशी, विशेषतः वीकलंड यांच्याशी, निकटचा संबंध होता. दुसरा प्रभाव संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांचा. एरिक्सन यांनी १९५४ साली एक तंत्र मांडले होते. त्यात संमोहित व्यक्तीला कल्पनेने भविष्यकाळात नेऊन, अडचण दूर झाल्यानंतरच्या स्थितीतून मागे पाहायला सांगितले जाई.

१९७८ मध्ये डी शेझर आणि बर्ग यांनी मिलवॉकी येथे ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटर स्थापन केले. तेथे एक उपचारक कुटुंबाशी बोलत असे आणि एकतर्फी काचेमागे बसलेला सहकाऱ्यांचा गट, सल्लार्थींच्या संमतीने, ती बैठक पाहत असे. कोणत्या प्रश्नानंतर सल्लार्थी पुढे सरकतो, एवढेच हा गट टिपत राहिला. ही पद्धत आधी सिद्धांत मांडून मग वापरात आलेली नाही. जे प्रश्न उपयोगी पडले ते ठेवत आणि जे पडले नाहीत ते गाळत ती आकाराला आली.

या निरीक्षणांतून दोन गोष्टी हाती आल्या. पहिली पहिल्या बैठकीनंतर दिल्या जाणाऱ्या कामाची. पुढच्या बैठकीपर्यंत आपल्या आयुष्यातील कोणत्या गोष्टी अशाच चालू राहाव्यात असे वाटते, त्यांचे निरीक्षण करून या, असे सल्लार्थींना सांगितले जाऊ लागले. डी शेझर आणि ॲलेक्स मोल्नार यांनी १९८४ साली याविषयी लिहिले. तक्रार कोणतीही असली तरी हेच काम देता येते आणि पुष्कळ जण परत येताना काहीतरी सुधारल्याचे सांगतात, असे आढळले. उपाय शोधण्यासाठी समस्येचे संपूर्ण निदान आवश्यक असतेच असे नाही, या विचाराला यातून बळ मिळाले. दुसरी गोष्ट बैठकीपूर्वीच्या बदलाची. वेळ ठरवल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत काही बदल झाला का, असे विचारल्यावर ३० पैकी २० सल्लार्थींनी चांगला बदल झाल्याचे सांगितले. ही नोंद मिशेल वायनर-डेव्हिस, डी शेझर आणि वॉलेस गिंगरिच यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. पाहणी लहान आणि प्राथमिक स्वरूपाची असली तरी ‘भेट ठरल्यापासून काय बदलले?’ हा प्रश्न तेव्हापासून पहिल्या बैठकीचा भाग झाला.

## चमत्कार-प्रश्न

या प्रश्नाचे मूळ १९८० च्या दशकातील एका बैठकीत असल्याचे सांगितले जाते. अडचणींनी हतबल झालेली एक स्त्री बर्ग यांना म्हणाली, की आता चमत्कार झाला तरच काही होईल. बर्ग यांनी तोच धागा धरून, तसा चमत्कार झाला तर काय वेगळे होईल, असे विचारले. उत्तरादाखल त्या स्त्रीने केलेले वर्णन इतके उपयुक्त ठरले की गटाने तो प्रश्न नियमितपणे वापरण्यास सुरुवात केली.

मराठीत हा प्रश्न साधारणतः असा विचारता येतो:

> “एक जरा वेगळा प्रश्न विचारतो. इथून तुम्ही घरी जाल, राहिलेली कामं कराल, जेवाल आणि रात्री नेहमीसारखे झोपाल. घरात सगळीकडे शांतता असेल. अशा वेळी, तुम्ही झोपेत असताना, एक चमत्कार घडतो. ज्या अडचणीमुळे तुम्ही इथे आलात, ती सुटते. पण तुम्ही झोपेत असल्यामुळे असं काही घडलंय हे तुम्हाला ठाऊकच नाही. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी कोणत्या गोष्टीवरून तुमच्या लक्षात येईल, की काहीतरी बदललंय?”

प्रश्नातील प्रत्येक घटकाला कारण आहे. घरी जाणे, जेवणे, झोपणे हा नेहमीचा क्रम सावकाश सांगितल्यामुळे कल्पना रोजच्या जगण्यातच राहते, परीकथेत जात नाही. ‘ज्या अडचणीमुळे तुम्ही इथे आलात’ या शब्दांनी चमत्काराला मर्यादा पडते, त्यामुळे अमाप पैसा किंवा वेगळे आयुष्य अशी उत्तरे कमी येतात. सर्वांत महत्त्वाचा घटक झोपेचा आहे. चमत्कार झाल्याचे त्या व्यक्तीला माहीत नसल्यामुळे तो तिला खुणांवरूनच ओळखावा लागतो. परिणामी ‘मला बरे वाटेल’ यासारख्या आतल्या भावनेपासून ‘मी काय करीन, कोणाला काय दिसेल’ अशा दृश्य वर्तनाकडे उत्तर वळते.

प्रश्नाच्या काळालाही महत्त्व आहे. सुरुवात कल्पनेने झाली तरी त्यापुढील प्रश्न साध्या भविष्यकाळात विचारले जातात. मराठीत हा फरक स्पष्ट जाणवतो. ‘असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ हे संकेतार्थी रूप ती गोष्ट घडलेली नाही, असे सुचवून तिथेच थांबते. ‘मग तुम्ही काय कराल?’ या रूपात तीच गोष्ट उद्या सकाळी करता येण्याजोगी वाटू लागते. ‘चमत्कार’ हा शब्द काही श्रोत्यांना श्रद्धेशी किंवा बुवाबाजीशी जोडलेला वाटू शकतो. अशा वेळी ‘समजा, उद्या सकाळी उठाल तेव्हा हे सुटलेलं असेल’ एवढे म्हटले तरी चालते. मात्र झोप, नकळत झालेला बदल आणि पहिली खूण हे तीन घटक टिकले पाहिजेत.

प्रश्न विचारल्यावर बहुधा काही काळ शांतता पसरते किंवा ‘माहीत नाही’ असे उत्तर येते. नवखा उपचारक ही शांतता भरून काढण्यासाठी स्वतःच पर्याय सुचवतो आणि तिथेच प्रश्न वाया जातो. अनुभवी उपचारक थांबतो, कारण उत्तर तयार होण्यास वेळ लागतो. मिळालेले पहिले उत्तरही क्वचितच पुरेसे असते. ते पुढे नेण्याच्या तीन प्रमुख वाटा आहेत. उत्तर नकारार्थी असेल, उदाहरणार्थ ‘भांडण होणार नाही’, तर ‘त्याऐवजी काय होईल?’ असे विचारतात. उत्तर दुसऱ्याच्या बदलाविषयी असेल, उदाहरणार्थ ‘सासूबाई टोमणे मारणार नाहीत’, तर ‘त्या तशा वागल्या तर त्यांना तुमच्यात काय वेगळं दिसेल?’ असे विचारतात. उत्तर भावनेविषयी असेल तर ‘तुमच्या मनातली ही शांतता घरातल्यांना कशावरून कळेल?’ हा प्रश्न उपयोगी पडतो.

काही वेळा अशक्य गोष्टच सांगितली जाते, जसे दिवंगत जोडीदार परत आलेला असेल. येथे वाद घालणे किंवा घाईने पुढे जाणे दोन्ही चूक ठरते. त्या इच्छेतील दुःख आधी ऐकून घ्यावे लागते. त्यानंतरच, आणि सल्लार्थीची तयारी दिसल्यास, त्या व्यक्तीच्या सोबतीने जगण्यात जे होते त्यातले काय आज थोडेसे तरी परत यावेसे वाटते, असे विचारता येते. दुःख अगदी ताजे असेल तर हा प्रश्न न विचारणेच योग्य असते.

## मोजपट्टी-प्रश्न

चमत्कार-प्रश्नातून मिळालेले चित्र आकर्षक असले तरी दूरचे असते. मोजपट्टी ते आजच्या दिवसाशी जोडते. ‘चमत्कारानंतरचा दिवस म्हणजे १० आणि तुम्ही भेटीची वेळ ठरवलीत तेव्हाची स्थिती म्हणजे ०, तर आज तुम्ही कुठे आहात?’ असा हा प्रश्न असतो. काही उपचारक खालचे टोक १ ठेवतात, तर काही ‘आजवरची सर्वांत वाईट स्थिती’ म्हणजे ० मानतात. कोणतेही टोक घेतले तरी त्याच सल्लार्थीसाठी पुढच्या सर्व बैठकांत ते तेच ठेवावे लागते, अन्यथा आकड्यांची तुलना निरर्थक होते.

येथील आकडा ही परीक्षेतील गुणसंख्या नव्हे. एकाचा ४ आणि दुसऱ्याचा ४ यांची तुलना होत नाही, आणि उपचारकाला आकडा फार कमी किंवा जास्त वाटला तरी तो दुरुस्त केला जात नाही. आकड्यानंतर येणारे दोन प्रश्न हे खरे काम करतात. पहिला मागे पाहतो: ‘३ म्हणालात, ० नाही. हे तीन कशामुळे?’ यातून आजही चालू असलेल्या चांगल्या गोष्टी बाहेर येतात. दुसरा पुढे पाहतो: ‘४ झाल्याचं कशावरून कळेल?’ येथे ३ वरून थेट ८ वर कसे जायचे, असे विचारत नाहीत. एका अंकाचे, कधी अर्ध्या अंकाचेही, अंतर विचारले जाते. पाऊल जितके लहान, तितके ते प्रत्यक्ष उचलले जाण्याची शक्यता अधिक.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘फक्त ३ च का? ५ का नाही?’ असे विचारणे. शब्दांत फरक थोडा असला तरी परिणाम उलटा होतो. ‘३ कसे?’ या प्रश्नाने सल्लार्थी आपली बलस्थाने मोजतो, तर ‘५ का नाही?’ या प्रश्नाने तो आपल्या कमतरतांची यादी करू लागतो.

आकडा ० किंवा त्याहून खालचा आला तर बळेच उजळ बाजू शोधली जात नाही. तेव्हा ‘इतकं कठीण असताना तुम्ही आजचा दिवस कसा निभावलात?’ असा तग धरण्याविषयीचा प्रश्न विचारला जातो. उत्तरात जगण्याची इच्छा संपल्याचा सूर दिसला तर मोजपट्टी बाजूला ठेवून थेट आत्महत्येच्या विचारांविषयी विचारावे लागते.

हीच पट्टी आत्मविश्वास मोजण्यासाठीही वापरतात: ‘हे पाऊल तुमच्याकडून उचललं जाईल याची खात्री किती?’ खात्रीचा आकडा फार खाली असेल तर पाऊल मोठे ठरले आहे असे समजून ते लहान केले जाते.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण पद्धत स्पष्ट करण्यासाठी रचलेले, काल्पनिक आहे.

कारखान्यात पाळीने काम करणारे ४२ वर्षांचे एक गृहस्थ समुपदेशकाकडे आले. वर्षभरापूर्वी पाळ्या बदलल्यापासून झोप मोडली होती. घरी आल्यावर लहानसहान गोष्टींवरून ते ओरडत. पत्नीने बोलणे कमी केले होते आणि अकरा वर्षांची मुलगी वडील आल्याची चाहूल लागताच वही-पुस्तके उचलून आतल्या खोलीत जात असे. हे शेवटचे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला.

समुपदेशकाने प्रथम काही थेट प्रश्न विचारले. घरात कधी कोणावर हात उगारला आहे का, दारू किती प्रमाणात घेतली जाते, जीव नकोसा झाल्यासारखे वाटते का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक आली. शिवाय पत्नीशी, गृहस्थांच्या संमतीने, स्वतंत्रपणे बोलूनही याची खातरजमा करण्यात आली. झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास सुचवण्यात आले. त्यानंतर चमत्कार-प्रश्न विचारला गेला.

“माझी चिडचिड होणार नाही,” ते म्हणाले.

“त्याऐवजी काय होईल?”

“घरात शिरल्यावर तडक आत जाणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबेन. पाणी मागेन.”

“त्यावरून तुमच्या पत्नीला काय वाटेल?”

“ती वळून बघेल. ‘आज लवकर सुटलात?’ असं काहीतरी विचारेल. हल्ली विचारत नाही.”

“आणि मुलगी?”

“ती बाहेरच बसून राहील. वही घेऊन.”

“ती उठून गेली नाही, हे पाहून तुम्ही काय कराल?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “गणित किती झालं ते विचारेन. नाही, नको. काही विचारणार नाही. नुसता शेजारी बसेन.”

यातले शेवटचे उत्तर कोणत्याही समुपदेशकाला सुचवता आले नसते. मुलीशी अधिक बोला, असा सल्ला दिला असता तर तो येथे चुकीचा ठरला असता. वडिलांनी प्रश्न विचारला की तपासणी सुरू झाली, असे मुलीला वाटत असावे, हे त्या गृहस्थांना बोलता बोलता उमगले.

मग अशी संध्याकाळ अलीकडे थोडी तरी घडली होती का, असे समुपदेशकाने विचारले. अशा प्रसंगांना या पद्धतीत ‘अपवाद’ म्हणतात. आठवड्यापूर्वी वीज गेली असताना तिघे गॅलरीत बसून भेंड्या खेळले होते. “पण ती वीज गेली म्हणून,” असे म्हणून गृहस्थांनी तो प्रसंग बाजूला सारला. “वीज गेली की पुष्कळ जण अधिकच चिडतात. तुम्ही काय वेगळं केलंत?” असे विचारल्यावर त्यांना आठवले, की त्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवून ते आधी खाली बसले होते.

मोजपट्टीवर त्यांनी स्वतःला ३ दिले. तीन का, तर ते स्वतःहून आले होते, हात कधीच उगारला नव्हता आणि गॅलरीतली ती संध्याकाळ घडली होती. ४ म्हणजे काय, तर “आठवड्यातून दोनदा तरी, आल्यावर पहिली दहा मिनिटं कोणाला काही सांगायचं नाही.” “सांगायचं नाही, तर काय करायचं?” “हातपाय धुऊन त्यांच्याजवळ बसायचं.” हे जमेल याची खात्री त्यांनी ६ सांगितली. किती आकडा आला म्हणजे इथे येण्याची गरज उरणार नाही, या प्रश्नावर ते म्हणाले, “सात पुरे.”

यानंतर समुपदेशकाने काही मिनिटांची विश्रांती घेतली. मिलवॉकीत या वेळी उपचारक काचेमागील गटाशी विचारविनिमय करीत असे. आज एकटा काम करणारा उपचारकही या वेळात नोंदी पाहून समारोप ठरवतो. परतल्यावर त्याने ऐकलेल्या नेमक्या गोष्टींची दखल घेतली. मुलगी उठून जाते हे त्यांनी पाहिले होते, त्यांना ते लागले होते, आणि तिच्याजवळ न विचारता बसण्याची कल्पना त्यांची स्वतःची होती. काम एवढेच दिले, की ज्या दिवशी ४ असल्यासारखे वाटेल, त्या दिवशी काय वेगळे होते ते टिपून ठेवायचे.

दोन आठवड्यांनी दुसरी बैठक ‘काय बरं झालं?’ या प्रश्नाने सुरू झाली. आकडा साडेचार होता. मुलगी दोनदा बाहेरच बसून राहिली होती. तिसऱ्या बैठकीत आकडा पुन्हा ३ वर आला, कारण सलग रात्रपाळ्या झाल्या होत्या आणि एकदा मोठे भांडण झाले होते. समुपदेशकाने भांडणाची हकिकत ऐकून घेतली आणि मग विचारले, “इतकं होऊनही आकडा दोनवर का गेला नाही?” दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्नीला स्वतःहून सांगितले होते, की रात्रपाळीनंतर झोप झाल्याशिवाय मी कोणत्याही विषयावर बोलणार नाही. भांडणातून एक उपयोगी नियम निघाला होता. आणखी सहा आठवड्यांनी झालेल्या चौथ्या बैठकीत आकडा ७ होता आणि उभयतांच्या संमतीने काम थांबवण्यात आले. पाळ्या बदलल्या नव्हत्या आणि १० ही गाठले गेले नव्हते. पण सल्लार्थीने स्वतः ठरवलेला पुरेसा टप्पा आला होता.

## अल्पकालीन पद्धत कोणासाठी योग्य

‘अल्पकालीन’ या शब्दाने बैठकांची सक्तीची मर्यादा सुचवली जात नाही. आवश्यक त्याहून अधिक बैठका घेऊ नयेत, असा त्याचा अर्थ आहे. प्रत्यक्षात बैठका बहुधा दहाच्या आत आटोपतात. प्रत्येक बैठक शेवटची ठरू शकते असे धरून काम केले जाते आणि पुढची भेट हवी का, कधी हवी, हे सल्लार्थी ठरवतो.

सल्लार्थीला काहीतरी वेगळे हवे असेल, आपल्या दिवसाचे तपशील त्याला सांगता येत असतील आणि समस्या कमी असण्याचे प्रसंग सापडत असतील, तर ही पद्धत अनुरूप ठरते. कौटुंबिक तणाव, शाळेतील अडचणी, कामाच्या ठिकाणचे प्रश्न, एखाद्या निर्णयापाशी अडून बसणे अशा मर्यादित प्रश्नांत ती विशेष वापरली जाते. पालकांनी किंवा न्यायालयाने पाठवलेला, स्वतःची कोणतीही तक्रार नसलेला सल्लार्थी आल्यास प्रश्न बदलावा लागतो. ‘तुम्हाला इथे पाठवणं थांबवावं असं त्यांना वाटायला त्यांना काय दिसलं पाहिजे?’ असे विचारून त्याचे स्वतःचे उद्दिष्ट शोधता येते.

अल्पकालीन उपचारांची ताकद आणि मर्यादा दोन्ही फिनलंडमधील हेलसिंकी मानसोपचार अभ्यासातून दिसतात. पॉल क्नेक्ट आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्या ३२६ रुग्णांची तीन उपचारांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली: उपायकेंद्रित उपचार, अल्पकालीन मनोगतिकीय उपचार आणि दीर्घकालीन मनोगतिकीय उपचार. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी अल्पकालीन उपचारांनी लक्षणे अधिक लवकर कमी झाली. दुसऱ्या वर्षी लक्षणीय फरक उरला नाही. तिसऱ्या वर्षअखेर दीर्घकालीन उपचार घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. म्हणजे ज्याला लवकर उभे राहायचे आहे त्याला अल्पकालीन उपचार उपयोगी पडतात, परंतु जुन्या, खोलवर रुजलेल्या त्रासात काहींना तेवढे पुरत नाही. मनोविकृती आणि व्यसनाधीनता असलेल्या रुग्णांना या अभ्यासात घेतले नव्हते, त्यामुळे त्यांच्याबाबत त्यातून काही अनुमान काढता येत नाही.

वॉलेस गिंगरिच आणि लान्स पीटरसन यांनी २०१३ मध्ये ४३ नियंत्रित अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांपैकी ३२ अभ्यासांत या पद्धतीचा लक्षणीय फायदा नोंदवला गेला होता.

## मर्यादा आणि टीका

काही परिस्थितींत ही पद्धत एकटी पुरेशी नसते. आत्महत्येचा धोका असेल तर प्रथम सुरक्षिततेची योजना आणि मनोविकारतज्ज्ञांची मदत लागते. भास, भ्रम, तीव्र नैराश्य किंवा उन्माद असेल तर वैद्यकीय उपचार मुख्य ठरतात. मद्य किंवा अमली पदार्थ सोडताना शारीरिक लक्षणे उद्भवू शकतात, त्यांकडे डॉक्टरांनीच पाहावे लागते. या उपचारांच्या जोडीने उपायकेंद्रित प्रश्न वापरता येतात, पण त्यांच्या जागी नाही.

कौटुंबिक हिंसा ही विशेष सावधगिरीची बाब आहे. वरील उदाहरणात मुलगी मारहाणीच्या भीतीने आतल्या खोलीत जात असती, तर वडिलांच्या मोजपट्टीवरचे ३ चे ४ होणे हे यश मानता आले नसते. तेथे पत्नीची आणि मुलीची सुरक्षितता हाच पहिला विषय झाला असता. ‘ते चिडू नयेत म्हणून तुम्ही काय वेगळं कराल?’ असा प्रश्न पीडित व्यक्तीला विचारणे म्हणजे हिंसेची जबाबदारी तिच्यावर टाकणे होय. म्हणूनच चमत्कार-प्रश्नाआधीचे ते थेट प्रश्न गाळता येत नाहीत.

दुसरा आक्षेप पद्धतीच्या यांत्रिक वापराचा आहे. डेव्हिड निलंड आणि व्हिक्टर कोर्सिग्लिया यांनी १९९४ मध्येच असा इशारा दिला होता, की उपायावर लक्ष केंद्रित करण्याऐवजी उपचारक सल्लार्थीवर उपाय लादू शकतो. हे घडत असल्याची चिन्हे बैठकीतच दिसतात. सल्लार्थी पुन्हा पुन्हा तीच तक्रार सांगू लागतो, उत्तरे आखूड होत जातात, आकडा वाढतो पण त्यामागे सांगण्यासारखा एकही प्रसंग नसतो, किंवा तो उपचारकाला बरे वाटावे म्हणून ‘आता ठीक आहे’ म्हणतो. अशा वेळी प्रश्नांची गती थांबवून त्रास ऐकून घेणे आवश्यक असते. ज्याचे दुःख कोणी ऐकलेच नाही, त्याला चमत्काराचे चित्र रंगवता येत नाही.

उपयोगी ठरते ते अधिक करावे आणि जे उपयोगी ठरत नाही त्याऐवजी वेगळे काही करावे, हे या पद्धतीचेच एक मार्गदर्शक तत्त्व आहे. ते तिला स्वतःलाही लागू होते. तीन-चार बैठकांनंतरही सल्लार्थीच्या दैनंदिन जीवनात सांगण्याजोगा कोणताही फरक दिसत नसेल, तर तेच प्रश्न पुन्हा न विचारता उद्दिष्ट खरोखर सल्लार्थीचे आहे का हे तपासावे लागते, आणि गरज पडल्यास दीर्घकालीन किंवा वैद्यकीय उपचारांकडे पाठवावे लागते.

## प्रसार

डी शेझर यांनी ‘कीज टू सोल्यूशन इन ब्रीफ थेरपी’ (१९८५) आणि ‘क्लूज’ (१९८८) या ग्रंथांतून पद्धतीची मांडणी केली. मूळची कुटुंबोपचारातील ही पद्धत पुढे शालेय समुपदेशन, समाजकार्य आणि बालसंरक्षण या क्षेत्रांतही वापरली जाऊ लागली. बालसंरक्षणात मूल घरी कितपत सुरक्षित आहे हे पालक, शिक्षक आणि समाजकार्यकर्ता यांनी आपापल्या मोजपट्टीवर सांगायचे आणि त्यांच्या आकड्यांतील फरकावर चर्चा करायची, असा तिचा उपयोग होतो. लंडनमध्ये १९८९ पासून इव्हान जॉर्ज, ख्रिस आयव्हसन आणि हार्वे रॅटनर यांनी ‘ब्रीफ’ या संस्थेत तिचे अधिक सुटसुटीत रूप घडवले. त्यात बैठकीची सुरुवात ‘या भेटीतून तुमची सर्वांत मोठी अपेक्षा कोणती?’ या प्रश्नाने होते.